अक्षरं येण्याआधी नजर तपासायची कशी?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

डोळ्यांच्या दवाखान्यातला भिंतीवरचा तक्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वरचं अक्षर मोठं, खाली येता येता बारीक होत गेलेलं. आपण वीस फुटांवर, म्हणजे ६ मीटरवर बसतो, एक डोळा झाकतो आणि वाचत जातो. जिथे अडखळतो तिथे डॉक्टरांना आपल्या नजरेचा अंदाज येतो. या साध्या तपासणीलाही तीन गोष्टी लागतात. समोरच्याला अक्षरं यायला हवीत, विचारलेलं समजायला हवं आणि उत्तर देण्याची इच्छा हवी. दीड-दोन वर्षांच्या मुलाजवळ यांतली एकही नसते, आणि इच्छा तर मुळीच नसते! म्हणून बऱ्याच घरांत असं ठरतं, की पोर शाळेत जाऊ दे, अक्षरं येऊ देत, मग दाखवू डोळे.

ही वाट पाहणं कधीकधी महागात पडतं. का, ते आधी सांगते आणि मग न बोलणाऱ्या, न वाचणाऱ्या मुलाची नजर आम्ही डोळ्यांचे डॉक्टर कशी ओळखतो त्याकडे वळते.

बघणं हे डोळ्याचं काम, असं आपण म्हणतो. पण डोळा फक्त चित्र आपल्या पडद्यावर उमटवतो. त्या चित्राचा अर्थ लागतो मेंदूच्या मागच्या भागात, आणि हा भाग जन्मतः पुरता तयार नसतो. तो वापरानं घडतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा त्यांच्या वाढीच्या पहिल्या काळात बंद ठेवून पाहिला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्या डोळ्याच्या कामाला लागल्या होत्या. उघडलेल्या डोळ्याला विचारायला कोणी उरलंच नव्हतं. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं काही होत नव्हतं. या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

माणसाच्या मुलातही हेच घडतं. पहिल्या काही वर्षांत एका डोळ्याचं चित्र सतत धूसर राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आम्ही अँब्लिओपिया म्हणतो आणि लोक आळशी डोळा म्हणतात. खरं तर आळस डोळ्याचा नसतो, पण शब्द रुळला आहे तर तोच वापरू. सात वर्षांच्या आत उपचार झाले तर यश चांगलं मिळतं. पुढे ते कमी होत जातं. मोठेपणी अशा डोळ्यापुढे कितीही चांगला चष्मा धरला तरी तक्त्यावरच्या खालच्या ओळी उमटत नाहीत, कारण अडचण आता काचेनं सुटण्यासारखी राहिलेली नसते.

मग घरच्यांना हे आधी का कळत नाही? एका मुलीची हकिकत सांगते. तिचं नावगाव सांगत नाही. वय होतं दोन वर्षं आणि दोन महिने. एका शिबिरात यंत्रानं तिचे डोळे तपासले आणि ‘डॉक्टरांना दाखवा’ अशी चिठ्ठी मिळाली. म्हणून आई आणि आजी तिला घेऊन आल्या होत्या. आजी जरा नाराजच होत्या. मला म्हणाल्या, “डॉक्टरबाई, आमच्या पोरीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. फरशीवरनं मुंगी चालली तरी बोट करून दाखवते. ते यंत्रच बिघडलं असणार.”

आजींचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. मुलीला मुंगी दिसत होती. प्रश्न इतकाच होता, की ती कोणत्या डोळ्यानं दिसत होती.

पुढे तपासणीत आढळलं, की तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर प्लस १.५० आणि डाव्याचा प्लस ५.५० होता. लहान मुलाचा डोळा आखूड असतो, अजून वाढायचा असतो, त्यामुळे थोडा प्लस नंबर असणं स्वाभाविकच आहे. डोळ्यातल्या भिंगाचा फुगवटा वाढवून मूल तो भरून काढतं. मात्र हा फुगवटा वाढवण्याचा हुकूम मेंदूकडून दोन्ही डोळ्यांना सारखाच जातो. एकाला दीड आणि दुसऱ्याला साडेपाच, असा वेगवेगळा हुकूम सोडता येत नाही. एकाच चावीवर दोन नळ आहेत अशी कल्पना करा. एका नळाखाली तांब्या आहे, दुसऱ्याखाली कळशी. तांब्या भरला की आपण चावी बंद करतो आणि कळशी अर्धीही भरलेली नसते. या मुलीच्या उजव्या डोळ्याला स्पष्ट दिसलं की मेंदू समाधानी व्हायचा आणि डावा डोळा नेहमी चार नंबरांनी मागे राहायचा. मुंगी जवळ असो वा झाड लांब असो, डाव्या डोळ्याला स्पष्ट चित्र कधीच मिळत नव्हतं.

मायनस नंबरात असं सहसा होत नाही. एका डोळ्याला मायनस तीन नंबर असला, तरी त्या डोळ्याला हातभर अंतराच्या आतलं खेळणं नीट दिसतं, त्यामुळे मेंदूचा आणि त्याचा व्यवहार चालू राहतो. म्हणून लहान मुलांत दोन डोळ्यांच्या प्लस नंबरांतला फरक हा जास्त घातक ठरतो. शिवाय तो बाहेरून दिसत नाही. डोळा लाल नाही, पाणी येत नाही, तिरळेपणा नाही, आणि मूल तक्रारही करत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसायला हवं हे त्याला ठाऊकच नसतं.

आता तपासणीकडे येऊ. पहिली तपासणी सगळ्यांत जुनी आणि बिनखर्चाची आहे. ती म्हणजे मूल नजर कशी लावतं ते पाहणं. मूल आईच्या मांडीवर बसतं. मी समोर साधारण हातभर अंतरावर एक छोटं खेळणं धरते. खेळण्यावर बारीक नक्षी किंवा चेहरा हवा म्हणजे मूल ते निरखून पाहतं, आणि ते वाजणारं नसावं. खुळखुळा हलवला तर मूल आवाजाकडे मान वळवतं आणि आपण समजतो, की त्यानं पाहिलं. अशी फसगत घरी फार होते.

आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायचं. मग एक डोळा झाकायचा आणि उघड्या डोळ्याबद्दल तीन गोष्टी बघायच्या. बाहुली खेळण्याकडे सरळ रोखलेली आहे का? ती स्थिर आहे, की भिरभिरते? आणि खेळणं हळूहळू हलवलं तर नजर त्याच्यामागे टिकून राहते का? मग दुसरा डोळा झाकून हेच पुन्हा. एक खेळणं मुलाला दोन मिनिटंसुद्धा पुरत नाही, म्हणून खिशात चार-पाच ठेवावी लागतात. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मूल नुसतं कंटाळलेलं असेल तर तो डोळा उगाच नापास होतो, म्हणून खेळणं बदलून क्रम उलटा करूनही पाहावं लागतं.

या तपासणीत मुलाचा राग फार उपयोगी पडतो. त्या मुलीचा डावा डोळा मी झाकला तेव्हा ती खेळण्यातल्या माकडाकडे बघत राहिली, जणू काही झालंच नाही. उजवा झाकला तशी तिनं माझा हात ढकलला, मान खाली घातली, अंगठ्याच्या कडेनं डोकावायला लागली आणि शेवटी रडली. आजी म्हणाल्या, “आता दमली ती.” थोडं थांबून, दुसरं खेळणं घेऊन, क्रम बदलून पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. थकलेलं मूल कोणताही डोळा झाकला तरी रडतं. एकच डोळा झाकल्यावर दर वेळी रडणारं मूल आपल्याला काहीतरी सांगत असतं.

तिरळ्या मुलात हे ओळखणं उलट सोपं जातं. चांगला डोळा झाकला की तिरळा डोळा सरळ होऊन खेळणं पाहू लागतो. आता झाकण काढायचं आणि बघायचं. तो डोळा तसाच सरळ पाहत राहिला, पापणी लवल्यावरही त्यानं नजर सोडली नाही, तर तो डोळा शाबूत आहे. झाकण काढताच चांगल्या डोळ्यानं ताबा परत घेतला, तर तिरळा डोळा दुबळा झाला आहे. जे मूल कधी उजवा तर कधी डावा डोळा तिरळा करतं, त्याची आई जास्त घाबरलेली असते, पण त्याचे दोन्ही डोळे आलटून पालटून कामाला येत असल्यानं नजर बहुधा दोन्हींची चांगली असते. तिरळेपणाचा उपचार त्यालाही लागतोच. पण आळशी डोळ्याचा धोका नेहमी एकच डोळा तिरळा असणाऱ्याला अधिक.

आमच्या मुलीचे डोळे सरळ होते. अशा वेळी दहा नंबरचा प्रिझम, म्हणजे पाचरीच्या आकाराची काच, पाया खाली करून एका डोळ्यापुढे धरतात. त्यामुळे त्या डोळ्याला खेळणं थोडं वर सरकल्यासारखं दिसतं. मूल त्या डोळ्यानं पाहत असेल तर खेळणं पकडण्यासाठी दोन्ही डोळे एकदम वर सरकतात. दुसऱ्याच डोळ्यानं पाहत असेल तर काहीच हलत नाही. उजव्या डोळ्यापुढे प्रिझम आला की तिचे दोन्ही डोळे वर जात. डाव्यापुढे धरला तर दोन्ही जागच्या जागी. म्हणजे कारभार सगळा उजव्याकडे होता. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

दुसरी तपासणी आहे डोळ्यातल्या लाल प्रकाशाची. फ्लॅशच्या फोटोत माणसांचे डोळे लाल दिसतात ते आपण पाहिलंय. प्रकाश बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर आणि त्याच्या पाठच्या रक्तवाहिन्यांच्या थरावर पडून लालसर होऊन परत येतो. वाटेत काही अडथळा नसेल तरच तो असा परत येतो. म्हणून ही लाली म्हणजे आतला रस्ता मोकळा असल्याची खूण.

ती पाहायला ऑफ्थॅल्मोस्कोप हे हातात मावणारं उपकरण लागतं. त्याची चकती शून्यावर ठेवायची, खोलीतला उजेड कमी करायचा म्हणजे बाहुल्या थोड्या मोठ्या होतात, आणि हातभर किंवा थोड्या जास्त अंतरावरून दोन्ही डोळ्यांवर एकदम प्रकाश टाकून त्याच्या छिद्रातून पाहायचं. दोन्ही डोळे एकदम दिसणं महत्त्वाचं, कारण आपण तुलना करतो आहोत. रंगाची सवय मात्र व्हावी लागते. आपल्याकडच्या मुलांच्या पडद्यामागे रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे पुस्तकातल्या चित्रासारखा लालभडक रंग दिसत नाही, तांबूस किंवा नारिंगी-तपकिरी दिसतो. तो दोन्हीकडे सारखा असला की झालं.

लालीच्या मध्ये काळा डाग दिसला, तर वाटेत अपारदर्शक काहीतरी आहे, उदाहरणार्थ जन्मतः असलेला मोतीबिंदू. लालीच्या जागी पांढरी किंवा पिवळट चमक दिसली, तर ती घाईची खूण. ती मोतीबिंदूची असू शकते, पडद्याच्या आजाराची असू शकते, आणि रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगाचीही असू शकते. तो वेळेवर सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. म्हणून पांढरी चमक दिसलेल्या मुलाला ‘पुढच्या महिन्यात आणा’ असं सांगायचं नसतं, त्याच आठवड्यात पडदा तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायचं असतं.

१९६२ साली ब्रुक्नर या स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी याच तपासणीचा आणखी एक उपयोग दाखवला. दोन्ही बाहुल्यांतली लाली सारखी उजळ नसेल, तर रस्ता मोकळा असूनही काहीतरी गडबड आहे. जो डोळा प्रकाशाकडे नीट रोखलेला नाही किंवा ज्याच्या नंबरात मोठा फरक आहे, त्याची चमक वेगळी दिसते. आमच्या मुलीच्या डाव्या बाहुलीत काळा डाग नव्हता, पांढरेपणा नव्हता, पण उजव्यापेक्षा ती जास्त उजळ होती आणि तिच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी चमक होती. खेळण्याच्या तपासणीनं ज्या डोळ्याकडे बोट दाखवलं होतं, तोच हा डोळा.

इथे मोबाइलवरच्या फोटोंबद्दल सांगायला हवं, कारण पालक ते घेऊन येतात आणि यावंच. एखाद्या फोटोत एक डोळा पांढरा दिसला म्हणजे आजार आहेच असं नाही. मूल थोडं बाजूला पाहत असेल, तर प्रकाश नेमका डोळ्याच्या नसेच्या मुखावर पडतो आणि ते पांढुरकं असल्यामुळे बाहुली पांढरी दिसते. पण त्याच डोळ्यात अनेक फोटोंत तसं दिसलं, किंवा मूल समोर पाहत असताना दिसलं, तर थांबू नये. खरं म्हणजे एकाच फोटोत दिसलं तरी दाखवून घ्यावं, त्यात दोन मिनिटं जातात. उलट सगळ्या फोटोंत डोळे छान दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नये. फ्लॅशमधली लाली घालवण्याची सोय हल्ली कॅमेऱ्यातच असते आणि ती लालीबरोबर खुणाही पुसते.

आता तिसरी तपासणी, म्हणजे ज्या यंत्रावर आजींचा रोष होता ते फोटोस्क्रीनर. हे जाडजूड कॅमेऱ्यासारखं दिसतं. तपासणारी व्यक्ती मुलापासून साधारण एक मीटरवर उभी राहते. यंत्र पाखरासारखा आवाज काढतं, पुढे छोटे दिवे लुकलुकतात आणि मूल तिकडे पाहतं तेवढ्यात काम होतं. कामाचा खरा प्रकाश मात्र डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो, त्यामुळे मूल डोळे मिचकावत नाही आणि बाहुलीही आकसत नाही.

त्यामागची युक्ती ब्रुक्नर यांच्या चंद्रकोरीचीच आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाच्या किंचित बाजूला दिवे असतात. डोळ्याची नजर बरोबर कॅमेऱ्याच्या अंतरावर जमलेली असेल, तर आत गेलेला प्रकाश जिथून आला तिथे, म्हणजे दिव्याकडेच परततो आणि कॅमेऱ्याला बाहुली अंधारी दिसते. नजर जमलेली नसेल, तर परतणारा प्रकाश पसरतो, त्यातला काही कॅमेऱ्यात शिरतो आणि बाहुलीच्या कडेला कोर उजळते. कोर कोणत्या बाजूला आणि किती रुंद, यावरून नंबर प्लस की मायनस आणि किती, याचा हिशेब यंत्र मांडतं. बाहुल्यांवर पडलेल्या दिव्याच्या ठिपक्यांवरून तिरळेपणाचाही अंदाज घेतं. हे सगळं काही सेकंदांत.

पण हे यंत्र काय करत नाही, तेही समजून घ्यावं. ते नजर मोजत नाही. मुलाला किती दिसतं हे त्याला माहीत नसतं. ते फक्त डोळ्याची घडण पाहून सांगतं, की या डोळ्याला आळशी होण्याचा धोका आहे. आणि ते थेंब न घालता मोजतं, त्यामुळे मूल भिंगाचा फुगवटा वाढवून जेवढा प्लस नंबर त्या क्षणी लपवत असतं, तेवढा यंत्राला दिसत नाही. आमच्या मुलीच्या चिठ्ठीवर उजवा प्लस ०.७५ आणि डावा प्लस ४.५० असं लिहिलं होतं. खरे आकडे याहून मोठे होते, ते मी आधी सांगितलेच. पण गंमत बघा. चावी एकच असल्यामुळे दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ सारखंच लपवलं, म्हणून दोघांतला फरक साधारण पावणेचारचा, म्हणजे खऱ्याच्या अगदी जवळचा आला. यंत्राचा एकेका डोळ्याचा आकडा पक्का मानू नये, पण दोन डोळ्यांतला मोठा फरक यंत्र सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवावा.

याच कारणानं यंत्र कुठे फसतं तेही कळतं. दोन्ही डोळ्यांना सारखाच मोठा प्लस नंबर असलेलं मूल जोर लावून दोन्हींतला बराचसा भाग लपवू शकतं आणि पास होऊ शकतं. अंगणात, उन्हात तपासणी केली तर बाहुल्या बारीक होतात आणि यंत्राला वाचताच येत नाही. अशा वेळी सावलीच्या खोलीत नेऊन पुन्हा पाहावं. तरीही दोन-तीन प्रयत्नांत वाचता आलं नाही, तर ‘मूल हलत होतं’ म्हणून सोडून देऊ नये. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यातूनही प्रकाश नीट परतत नाही आणि यंत्र तेव्हाही असंच गप्प बसतं. वाचता न येणं हा डॉक्टरांकडे पाठवण्याचाच निकाल समजावा.

या तिन्ही तपासण्या चाळणीच्या आहेत. नंबर ठरतो तो त्यापुढे. त्यासाठी डोळ्याचा लपवाछपवीचा स्नायू काही काळ झोपवावा लागतो. आपल्याकडे लहान मुलांत त्यासाठी पुष्कळदा अ‍ॅट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी घालायला देतात. ते तांदळाच्या दाण्याएवढंच घालायचं, घातल्यावर हात धुवायचे, आणि मुलाला ताप आला किंवा चेहरा लाल झाला तर थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बाहुल्या मोठ्या होतात, काही दिवस उन्हाचा त्रास होतो आणि जवळचं धूसर दिसतं, तेही आधी सांगून ठेवावं. मग अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोप या उपकरणानं डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून, पुढे काचा बदलत, नंबर मोजतात. यातही मुलाला काही विचारावं लागत नाही. याच वेळी पडदाही पाहून होतो. आमच्या मुलीचा पडदा निरोगी होता.

चष्मा ठरवताना आम्ही दोन्ही डोळ्यांच्या नंबरातून एक-एक वजा केला, कारण थोडा भार मूल स्वतः सहज उचलतं. उजव्याला प्लस ०.५०, डाव्याला प्लस ४.५०. वजा करायचं तर दोन्हीकडून सारखंच. डाव्याचा आकडा मोठा दिसतो म्हणून तोच कापला, तर फरक पुन्हा शिल्लक राहतो आणि चष्म्याचा हेतूच फसतो.

आजींनी विचारलं, “एवढ्याशा जिवाला चष्मा? आणि टिकणार तो?” पहिला आठवडा टिकला नाही. मग मागे इलॅस्टिकचा पट्टा लावला आणि आंघोळ आणि झोप सोडून सारा वेळ चष्मा, असा नियम केला. पहिले चार महिने फक्त चष्माच दिला. नंबरातल्या फरकामुळे आळशी झालेल्या डोळ्यांपैकी काही नुसत्या चष्म्यानंच पुरते सुधारतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे, म्हणून पट्टीची घाई करत नाहीत. इथे सुधारणा झाली पण पुरती नाही. मग चांगल्या, उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सुरू केली. मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्याला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांत आढळलं होतं. पट्टीचे तास ठरवण्याचं काम आजींनी अंगावर घेतलं. भाजी निवडायला, मटार सोलायला बसायच्या तेव्हा नातीला शेजारी घ्यायच्या आणि पट्टी लावायच्या. डाव्या डोळ्याला जवळचं, बारीक काम मिळालं.

दर दीड-दोन महिन्यांनी तपासणी होत होती, आणि ती दोन्ही डोळ्यांची. पट्टी जास्त झाली तर चांगला डोळाच दुबळा पडू शकतो, म्हणून पट्टी देऊन विसरून जाणं हे पट्टी न देण्याइतकंच वाईट. साडेतीन वर्षांची झाल्यावर चित्रांच्या तक्त्यावर तिची नजर पहिल्यांदा आकड्यांत मोजता आली. त्यावर सफरचंद, घर, गोल आणि चौकोन असतात, आणि नाव सांगता आलं नाही तरी हातातल्या कार्डावर बोट ठेवलं की पुरतं. उजवा ६/९, डावा ६/१८. पाचव्या वर्षी उजवा ६/६ आणि डावा ६/९ झाला. पट्टी हळूहळू कमी करून थांबवली. चष्मा आहे आणि राहील. पट्टी थांबल्यावर काही मुलांचा डोळा पुन्हा मागे जातो, म्हणून तपासण्याही चालू आहेत.

घरी काय पाहता येईल, असं पुष्कळ जण विचारतात. मूल एखाद्या गोष्टीत रंगलेलं असताना बाजूनं तळवा आणून, डोळ्याला न दाबता, एक डोळा झाका. थोड्या वेळानं दुसरा. दर वेळी एकच डोळा झाकल्यावर ते चिडत असेल, तर डॉक्टरांना तेवढं एक वाक्य नक्की सांगा. चिडलं नाही तर मात्र सगळं ठीक आहे असा निष्कर्ष काढू नका, कारण मध्यम फरक या परीक्षेत निसटतो. घरात कुणाला लहानपणापासून तिरळेपणा किंवा मोठा नंबर असेल, किंवा मूल कमी दिवसांचं जन्मलं असेल, तर काही दिसायची वाट न पाहता तपासून घ्या.

अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाला आणि त्यात डोळ्यांची तपासणीही आहे. तिथे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे लसीकरणाला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारता येतील. बाळाच्या दोन्ही डोळ्यांतली लाली एकत्र पाहिली का? एकेक डोळा झाकून नजर लावते का ते पाहिलं का? आणि यंत्रानं तपासलं असेल तर दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे काय आले? ‘मुलाला दिसतंय’ हे उत्तर अपुरं आहे. ‘उजव्यानं दिसतंय आणि डाव्यानंही दिसतंय’ हे ऐकल्याशिवाय उठू नका.